शिवलेल्या ब्लाऊजचे दंड सैल करणे आणि उंची कमी करणे: टेलरला निरोप पाठवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राहते धोपाव्याला आणि माझे टेलर काका आहेत दाभोळला. मध्ये वाशिष्ठीची खाडी. ब्लाऊज फेरीबोटीने कुणाबरोबर तरी जातो आणि काय करायचं ते मी मोबाईलवर लिहून कळवते. लिहिण्यात चूक झाली की ब्लाऊज परत खाडी ओलांडतो, म्हणून हे निरोप मी आता फार काळजीने लिहिते. शेजारणी आणि नणंदा त्याबद्दल जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे.

निरोपात नेमकं काय लिहायचं? एखादा नमुना मिळेल का?

मागच्या पावसाळ्याआधी मी पाठवलेला निरोप जसाच्या तसा देते. ब्लाऊज मोरपिशी, सुती, अस्तराचा, पुढे हुक असलेला.

> नमस्कार काका. उद्या सकाळच्या फेरीने जाऊबाईंबरोबर मोरपिशी ब्लाऊज पाठवतेय. धुऊन इस्त्री केलेला आहे. दोन कामं आहेत.
>
> पहिलं काम बाह्यांचं. दोन्ही बाह्या दंडात घट्ट होतात. काखेपासून तीन इंच खाली बाही आडवी पसरली की 6 इंच भरते, ती 6½ हवी. म्हणजे गोल घेर 12 आहे तो 13 करायचा. आत दोन्ही पदरांना एकेक इंच माया आहे, फोटो पाठवलाय. बाहीच्या तोंडाशीही तेवढंच सैल करा. बाहीची लांबी आहे तीच राहू दे.
>
> दुसरं काम उंचीचं. ब्लाऊजची उंची खांद्यापासून 15 आहे, ती अंदाजे 14 हवी. पण आधी बाह्या करा. उंचीला फक्त कच्चा टाका घाला, कापू नका. मी घालून बघते, मग पक्कं करू.
>
> छाती, कंबर आणि गळा बरोबर आहे, तिथे हात लावू नका. शनिवारी दुपारच्या फेरीने येते. दोन्ही कामांचे मिळून किती होतील ते कळवा.

निरोप लांब वाटेल. पण काकांनी एकही उलट प्रश्न विचारला नाही, फक्त पैसे कळवले आणि “चालेल वहिनी” एवढंच लिहिलं.

नुसतं “बाह्या सैल करा” लिहिलं तर त्यांना कळत नाही का?

कळतं, पण बाही तीन ठिकाणी घट्ट होऊ शकते आणि तिन्हीची दुरुस्ती वेगळी असते. ती जागा सांगणं तुमच्या हातात आहे, कारण ब्लाऊज अंगावर असताना टेलर समोर नसतात.

ब्लाऊज काढल्यावर दंडावर बाहीच्या काठाचा लाल वळ उठत असेल आणि वर काहीच नसेल, तर फक्त बाहीचं तोंड घट्ट आहे. टेलर त्याला मोहरी म्हणतात. वळ उठत नसेल, पण बाहीच्या मधोमध कापड ताणून चकचकीत दिसत असेल आणि चिमटीत पकडायला गेलं की हातात येतच नसेल, तर दंडाचा घेर कमी पडतोय. तिसरी गोष्ट म्हणजे मुंढा, म्हणजे बाही जिथे ब्लाऊजला जोडलेली असते तो काखेभोवतीचा गोल. काखेतून गळ्याकडे किंवा छातीकडे तिरप्या सुरकुत्या जातात, काखेत शिवण रुतते आणि हात पुढे केला की पाठीवर ओढ बसते. हा मुंढ्याचा दोष असेल तर बाहीची शिवण कितीही सैल केली तरी आराम पडत नाही. मुंढा थोडा खोल छाटावा लागतो किंवा काखेखाली बाजूची शिवण उघडावी लागते. छाटलेला मुंढा परत भरून येत नाही, म्हणून ते काम मी कधीच मोबाईलवरून सांगत नाही. त्यासाठी मी स्वतः बोटीत बसते.

किती इंच सैल हवं हे घरी कसं ठरवायचं?

दोन मापं घ्यायची, एक हाताचं आणि एक ब्लाऊजचं. दंडाच्या सर्वात भरलेल्या भागावर, बहुतेकींच्या बाबतीत काखेपासून अडीच-तीन इंच खाली, टेप गोल फिरवायची. आधी हात सरळ सोडून माप घ्या, मग कोपरात दुमडून घ्या. मोठं येईल ते धरायचं. माझं सरळ हाताचं 12 आलं आणि दुमडल्यावर 12¼.

मग बाही टेबलावर सपाट पसरून त्याच उंचीवर आडवं माप घ्यायचं आणि दुप्पट करायचं. माझी बाही आडवी 6 भरली, म्हणजे गोल 12. बारा इंचाच्या बाहीत सव्वाबारा इंचाचा दंड कोंबून मी वर्षभर ब्लाऊज घालत होते.

सुती किंवा रेशमी कापड ताणत नाही, त्यामुळे दंडापेक्षा बाही थोडी मोठीच लागते. पाऊण इंच जास्त असेल तर बाही अंगासरशी दिसते आणि हातही हलतो. आपल्याकडच्या दमट हवेत अस्तराची बाही घामाने दंडाला चिकटते, तेव्हा मला एक इंचापर्यंत आवडते. पाऊण धरलं तर 12¼ अधिक ¾, बरोबर 13. वाढवायचा घेर एक इंच.

“अर्धा इंच सैल करा” म्हणजे एकूण की दोन्ही बाजूंनी?

हाच घोळ सगळ्यात जास्त होतो. बाहीला काखेखालून एकच शिवण असते आणि तिथे कापडाचे दोन पदर जोडलेले असतात. टेलर शिवण अर्धा इंच बाहेर सरकवतात तेव्हा दोन्ही पदरांतून अर्धा-अर्धा इंच मोकळा होतो आणि घेर एक इंचाने वाढतो. तुमच्या मनात एकूण अर्धा असेल आणि त्यांनी शिवण अर्धा इंच सरकवली, तर बाही दुप्पट सैल येते. उलटंही होतं.

म्हणून “अर्धा इंच” हा शब्दच टाळायचा. आताचं माप किती आणि हवं किती, असे दोन आकडे द्यायचे. “आडवी 6 आहे, 6½ हवी” या वाक्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

आत कापड शिल्लक आहे की नाही, हे कसं बघायचं?

ब्लाऊज उलटा करा आणि काखेखालच्या शिवणीपासून कापडाच्या कडेपर्यंत माप घ्या. या शिल्लक कापडाला माया म्हणतात. चांगला टेलर बाहीत आणि बाजूला एकेक इंच माया ठेवतो आणि पुष्कळदा शेजारी शेजारी दोन-तीन शिलाया घालून ठेवतो, म्हणजे सैल करायचं तर आतली, म्हणजे अंगाकडची, एक शिलाई उसवली की झालं. तसं असेल तर हे काम घरीसुद्धा होतं. आधी बाहेरच्या शिलाया शाबूत आहेत ना ते बघा, मगच आतली उसवा.

माया सगळी वापरता येत नाही. कडेला निदान पाव इंच राहायलाच हवं, नाहीतर हात उचलताना धागे निसटून शिवण फाटते. एक इंच माया असेल तर प्रत्येक पदरातून पाऊण मिळतो, म्हणजे घेरात दीड इंच. अर्धा इंचच असेल तर घेरात अर्धा इंचाच्या वर मागू नका.

दोन गोष्टी मी उजेडात धरून बघते. पहिली, घामाने काखेतलं कापड विरलंय का. रेशीम तिथे आधी जातं आणि विरलेल्या कापडावर नवी शिलाई टिकत नाही. दुसरी, जुन्या शिलाईची भोकं. सुती कापडात ती एक-दोन धुण्यांत मिटतात. सॅटिन, टिश्यू आणि दाट रेशमात मात्र ओळ दिसत राहते आणि आतलं न विटलेलं कापड गडद पट्ट्यासारखं उठून येतं. काखेखाली असल्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. पण लग्नातल्या ब्लाऊजला हात लावण्याआधी ज्याचा त्याने विचार करावा.

बाही सैल केली की छातीतही ब्लाऊज ढगळ होतो का?

होऊ शकतो, आणि त्यामागचं कारण माहीत असलं की निरोप नीट लिहिता येतो. बऱ्याच ब्लाऊजना बाहीच्या तोंडापासून काखेतून थेट कमरेपर्यंत एकच सलग शिवण असते. काखेत बाही आणि मुंढा एकमेकांना जोडलेले असतात. त्या सांध्यावरच बाही अर्धा इंच उघडली, तर बाही मुंढ्यापेक्षा मोठी होते. मग एक तर बाहीला चुणी पडते, नाहीतर मुंढाही तेवढाच उघडावा लागतो आणि छातीचा घेर वाढतो.

घट्टपणा काखेपासून दोन-तीन इंच खालीच असेल तर टेलर नवी शिवण सांध्यावर जुन्या शिवणीतूनच सुरू करतात आणि खाली उतरताना हळूहळू अर्धा इंच बाहेर नेतात. छाती जशीच्या तशी राहते. माझ्या निरोपात “छाती बरोबर आहे” हे वाक्य त्यासाठीच होतं. अगदी काखेपर्यंत घट्ट असेल, तर बाजूची शिवणही काखेखाली दीड-दोन इंच थोडी उघडून जुन्या ओळीत मिळवावी लागते. तेव्हा काखेजवळ जरासा सैलपणा येतोच, तो मान्य आहे असं आधीच लिहा.

“ब्लाऊज एक इंच कमी करा” असं लिहिलं तर चालेल?

माझ्या हातून नेमकं हेच झालं होतं. फार पूर्वी, दुसऱ्या एका टेलरकडे, मी लिहिलं: “बाह्या सैल करा आणि ब्लाऊज एक इंच कमी करा.” मला उंची म्हणायची होती. ब्लाऊज परत आला तेव्हा उंची तेवढीच होती आणि बाजूच्या शिवणी आत घेऊन कंबर एक इंचाने आवळली होती. त्यांची चूक नव्हती. आपल्या बोलण्यात “कमी” घेरालाही लागतं आणि उंचीलाही.

“उंची” शब्दही एकटा पुरत नाही, कारण बाहीचीही उंची असते. “खांद्यापासून खालच्या किनारीपर्यंत 15 आहे, 14 हवी” असं लिहा. खांद्यापासून म्हणजे गळ्याला लागून असलेल्या खांद्याच्या शिवणीपासून, पुढच्या बाजूने सरळ खाली. आणखी खात्री हवी असेल तर हवी तिथे किनार आत दुमडून रंगीत धाग्याने दोन-चार मोठे टाके घालून पाठवा. समुद्रावरच्या हवेत टाचणी गंजून डाग पडतो, म्हणून मी ब्लाऊजमध्ये टाचणी ठेवत नाही.

दोन्ही कामं एकदम सांगितली तर काय बिघडतं?

एकदम सांगा, पण क्रम लिहा: आधी बाह्या, मग उंची. या एका गोष्टीसाठी मी कितीही वाद घालायला तयार आहे.

घट्ट बाही दंडाला पकडून बसते आणि पूर्ण ब्लाऊज तिच्यावर अडकलेला असतो. हात खाली असतानाही तो बाजूंनी किंचित वर ओढलेला राहतो. हात वर केला, की बाही दंडावरून सरकत नाही म्हणून खालची किनारच वर चढते. अशा अंगावर घेतलेलं उंचीचं माप खोटं असतं. तुम्ही हात खाली ठेवून माप घेतलंत आणि कापून टाकलंत, तर वाळवणाच्या दोरीकडे हात नेला की आतल्या कपड्याची पट्टी दिसते आणि ब्लाऊज आखूड झाला असं वाटतं. हात वर करून माप घेतलंत, तर ब्लाऊज लांबच राहतो.

माझ्या मोरपिशी ब्लाऊजचं उदाहरण सांगते. बाह्या 12 असताना मला वाटत होतं की उंची पाऊण इंच कमी केली की पुरे, बसल्यावर पोटावर किनारीची घडी पडायची तेवढीच जाईल. निरोपात “अंदाजे 14” लिहिलं ते थोडी मोकळीक ठेवून. बाह्या 13 झाल्यावर दाभोळला घालून बघितला, तर ब्लाऊज पाव इंच खाली येऊन बसला होता. मग पाऊण आणि पाव मिळून पुरता एक इंच कमी केला. आधीच पाऊण इंचावर पक्की शिलाई झाली असती तर घडी तशीच पडत राहिली असती.

उंची कमी करताना टेलर नेमकं काय बदलतात? हुकांचं काय होतं?

नुसती किनार दुमडणं एवढंच काम नसतं. ब्लाऊज छातीपासून खाली निमुळता होत जातो. किनार एक इंच वर गेली की ती ब्लाऊजच्या जरा रुंद भागावर येते आणि खाली सैल सुटते. त्यामुळे बाजूच्या शिवणीत किंवा खालच्या टक्समध्ये थोडं आत घ्यावं लागतं. “उंची कमी केल्यावर किनार अंगाला लागून बसू दे” एवढं लिहिलं तरी टेलरला समजतं.

सगळ्यात खालचा हुक दुमडीत जातो किंवा अगदी किनारीवर येतो. तो काढून वर लावावा लागतो आणि बाकीच्यांमधलं अंतर परत सारखं करावं लागतं. हे सांगितलं नाही तर कधीकधी एक हुक कमी होऊन परत येतो आणि मधेच फट पडते. हुक काढलेच आहेत तर गंजलेले बदलून घ्या.

पाऊण इंचापर्यंतची उंची आत दुमडून ठेवता येते, पुढे वाटलं तर परत सोडता येते. त्याहून जास्त दुमडलं तर अस्तर धरून चार-पाच पदर होतात, हुकपट्टीशी गोळा येतो आणि तिथेच घाम मुरतो. तेव्हा कापलेलं बरं. कटोरी ब्लाऊजला खाली वेगळा पट्टा असतो. त्यातूनच इंच गेला तर पट्टा चिंचोळा दिसतो, म्हणून तो उसवून वरून कमी करायचा की खालून, हे टेलरलाच ठरवू द्या.

किती वर जायचं याला मर्यादा आहे. दोन्ही हात वर केल्यावरही आतल्या कपड्याची पट्टी झाकलेली राहिली पाहिजे. हात खाली असताना पट्टीच्या खाली दीड ते दोन इंच ब्लाऊज हवा.

आत माया नसेलच तर काय करायचं?

उंची कमी करायची आहे ना, मग कापड तुमच्याच ब्लाऊजमध्ये आहे. किनारीच्या आत साधारण इंचभर दुमड असते. उंची एक इंच कमी केली की नव्या रेषेखाली जुना एक इंच आणि दुमडीतला एक इंच, असं दोन इंच कापड उरतं. नव्या दुमडीला अर्धा इंच ठेवला तरी दीड इंच रुंदीची पट्टी निघते. बाहीच्या शिवणीत ही पट्टी लावली, तर दोन्ही कडांना पाव-पाव इंच शिलाईत जाऊन घेरात एक इंच वाढतो. पट्टी आडव्या धाग्याची असल्यामुळे रेघा किंवा बुट्टे जुळत नाहीत, पण काखेखाली ते कुणाला दिसत नाही. अस्तरालाही तशीच पट्टी लागते.

इथे मात्र क्रम अवघड होतो, कारण बाही करायला किनार आधी कापावी लागते. अशा वेळी जुन्या शिवणी उसवून बाह्या मोकळ्या ठेवूनच ब्लाऊज घालून बघायचा, उंची तिथेच ठरवायची आणि मग कापायचं. यासाठी ट्रायलला जावंच लागतं. निरोपात एवढंच लिहा: “किनारीचं कापड टाकू नका, बाहीला वापरायचं आहे.”

नवा असताना बरोबर होता, धुतल्यावर बाह्या घट्ट झाल्या. का?

बहुतेक वेळा अस्तर आटतं. सुती अस्तर शिवण्याआधी पाण्यातून काढलं नसेल तर पहिल्या धुण्यात ते आखडतं आणि वरचं कापड तेवढंच राहतं. बाहीवर कापड फुगल्यासारखं दिसतं आणि आतून मात्र आवळतं, ही खूण. निरोपात “अस्तर आटलंय, अस्तर आणि वरचं कापड वेगळं उसवून बघा” असं लिहा. कधीकधी फक्त अस्तर सोडलं की काम होतं.

कधी पाठवावा?

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि शिमग्याच्या आधीचा आठवडा सोडून. त्या दिवसांत चाकरमानी यायच्या आत नव्या कपड्यांची रांग लागलेली असते आणि उसवायचं काम सगळ्यात मागे पडतं. मी श्रावणाच्या सुरुवातीलाच देते.

ट्रायलला काय बघायचं?

ज्या साडीवर घालायचा तीच नेसून किंवा निदान तोच आतला कपडा घालून जा. सगळे हुक लावा. दोन्ही हात डोक्यावर न्या, मग छातीवर घडी घाला, मग खाली बसा. दंडाशी कापड चिमटीत धरून बघा, दोन्ही बाजूंचं मिळून अर्ध्या इंचाच्या आसपास सहज हातात यायला हवं. हात वर असताना किनार कुठे येते ते दुकानातल्या कुणाला तरी बघायला सांगा, कारण आरशात मागची बाजू दिसत नाही. दोन्ही बाह्या एकावर एक ठेवून मापात सारख्या आहेत का तेही तिथेच बघा. माझी डावी पाऊण सूत कमी निघाली होती, काकांनी मशीनवरून उठायच्या आत ती करून दिली आणि मी संध्याकाळच्या फेरीने परत आले.